महागाई ओढली गेली की ढकलली गेली? : १९७२ ते ७५ ची गोष्ट

आजचा भाग स्टुडिओतला नाही. मागच्या महिन्यात मी येलदरीला, म्हणजे माझ्या गावी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसमोर बोललो. तेच बोलणं थोडं नीटनेटकं करून इथं देतोय. ऐकताना धरणाकडून येणारा वारा माइकवर घोंघावतो, त्याबद्दल माफी. वाचणाऱ्यांना तो त्रास नाही.

सुरुवात माझ्या एका जुन्या चुकीपासून करतो. बी.ए.ला असताना मला प्रश्न आला होता: '१९७२ ते १९७५ या काळातल्या भारतातल्या महागाईचं स्वरूप स्पष्ट करा.' मी लिहिलं, ही खर्चदाबजन्य महागाई, कारण तेल महागलं. दोन ओळींत विषय संपवला आणि खुशीत घरी आलो. दुपारी जेवताना आजीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तेल कुठलं रे? आमच्या घरी तवा रॉकेलची चिमणीच व्हती. दुष्काळ तर त्याच्या आधीच पडला व्हता. दुकानात ज्वारीच न्हवती, ते इचार की."

मार्क कमी पडले ते वेगळं. पण आजीच्या त्या एका वाक्यात दोन प्रश्न होते, आणि मी दोन्ही विचारले नव्हते. माल होता का? आणि आधी काय झालं? आज आपण हेच दोन प्रश्न घेऊन त्याच तीन वर्षांकडे पुन्हा जाऊ.

आधी शब्द साफ करून घेऊ. पुस्तकात दोन नावं असतात. मागणी ताणजन्य चलनवाढ, म्हणजे डिमांड-पुल. आणि खर्चदाबजन्य चलनवाढ, म्हणजे कॉस्ट-पुश. पहिलीत भाव वरून ओढला जातो, कारण लोकांच्या हातात खर्चायला पैसा जास्त आला आणि त्या मानानं माल वाढला नाही. दुसरीत भाव खालून ढकलला जातो, कारण माल तयार करायचा खर्च वाढला, किंवा माल तयारच कमी झाला. दुष्काळ, पूर, कच्च्या मालाची टंचाई यांना काही पुस्तकं 'पुरवठ्याचा धक्का' असं वेगळं नाव देतात. पण घराणं तेच. दोन्हींत पुरवठ्याचा वक्र डावीकडे सरकतो.

एवढं सगळ्यांना पाठ असतं. अडचण कुठं येते? प्रश्नपत्रिकेत उतारा येतो, त्यात भाव वाढलेले असतात. भाव तर दोन्हींत वाढतात. म्हणजे नुसत्या भावाकडे बघून काहीच कळणार नाही. तापाचा आकडा बघून मलेरिया की टायफॉईड हे कळत नाही, तसंच. दुसरं काहीतरी बघायला लागतं, आणि ते म्हणजे किती माल विकला गेला.

इथलंच उदाहरण घ्या. समोर पूर्णा नदीवरचं हे येलदरीचं धरण. समजा धरणाचं काम चालू आहे, बाहेरून शेकडो मजूर आलेत, दर आठवड्याला त्यांच्या हातात रोख पगार पडतोय. गावातला किराणा दुकानदार आधी आठवड्याला १० पोती ज्वारी विकायचा, १०० रुपयांनी. आता गिऱ्हाईक वाढलं. तो १२ पोती विकतो, १२० रुपयांनी. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, खरे नाहीत. इथं भावही वाढला आणि खपही वाढला. दोन्ही एकाच दिशेनं गेले. ही मागणीची ओढ.

आता तोच दुकानदार, पण पाऊस पडला नाही. शिवारात ज्वारी नाही, बाहेरून आणायची तर भाडं लागतं. तो १५० रुपयांनी विकतो, पण विकायला पोती सातच. भाव वर, खप खाली. दोन्ही उलट दिशेला. हा खालून आलेला दाब.

वहीत आकृती काढलीत तर हेच दिसेल. मागणीचा वक्र उजवीकडे सरकला की नवा छेदनबिंदू वर आणि उजवीकडे जातो. पुरवठ्याचा वक्र डावीकडे सरकला की छेदनबिंदू वर जातो, पण डावीकडे. वर तर दोन्ही वेळेला जातो. म्हणून आडव्या अक्षाकडे बघायचं. आपली मुलं उभ्याच अक्षाकडे बघत बसतात.

देशाच्या बाबतीत 'खप' च्या जागी एकूण उत्पादन आणि रोजगार धरायचा. आणि इथं एक अपवाद लक्षात ठेवा. सगळे कारखाने पूर्ण क्षमतेनं चालू असतील, सगळ्यांना काम असेल, तर मागणी कितीही ओढली तरी उत्पादन वाढू शकत नाही. ते तिथंच थांबतं आणि फक्त भाव चढतो. मग ते दाबापासून वेगळं कसं ओळखायचं? ओढीत उत्पादन वरच्या टोकाला अडलेलं असतं, माणसं मिळत नाहीत अशी तक्रार असते. दाबात उत्पादन घसरलेलं असतं, यंत्रं बंद असतात, माणसं काम शोधत असतात.

हे मोजमाप घेऊन आता १९७२ कडे जाऊ.

आपल्या मराठवाड्यातल्या घरांत '७२ चा दुष्काळ' म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. खडी फोडायची कामं, पाझर तलावांची कामं, कामावर मिळणारी सुकडी, आणि रेशनवर आलेला तो लाल मिलो. महाराष्ट्रात आधीची दोन वर्षंही पावसानं धड दिली नव्हती, ७२ मध्ये तर पाठच फिरवली. देशाचं एकूण धान्य उत्पादन १९७०-७१ मध्ये सुमारे १० कोटी ८० लाख टन होतं. १९७२-७३ मध्ये ते सुमारे ९ कोटी ७० लाख टनांवर आलं. म्हणजे दर दहा पोत्यांमागे एक पोतं गेलं. आणि खाणारी तोंडं मधल्या काळात वाढलेलीच होती.

त्या वर्षी देशाचं एकूण उत्पन्न वाढलं नाही, उलट किंचित घटलं. आणि घाऊक किंमतींचा निर्देशांक? तो १९७२-७३ मध्ये सुमारे १० टक्क्यांनी चढला. पुढच्या वर्षी २० टक्क्यांनी. १९७४-७५ मध्ये २५ टक्क्यांनी.

आता पहिला प्रश्न लावा. भाव वर, उत्पादन खाली. छेदनबिंदू वर आणि डावीकडे. म्हणजे पहिल्या वर्षाचं मुख्य कारण पुरवठ्याच्या बाजूला आहे. उद्योगांचंही तसंच. पाऊस नाही म्हणून कापूस, शेंगदाणा यांसारखा शेतातून येणारा कच्चा माल कमी, धरणांत पाणी नाही म्हणून वीज कमी. कारखाने पूर्ण क्षमतेला अडलेले नव्हते, ते क्षमतेच्या खाली चालत होते. आपला अपवाद इथं लागू होत नाही.

दुसरा प्रश्न, आजीचा: आधी काय झालं? तेलाचा धक्का आला तो ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर. कच्चं तेल पिंपाला सुमारे ३ डॉलर होतं, ते जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरच्या वर गेलं. आपण त्या वेळी लागणारं बहुतेक कच्चं तेल बाहेरून आणत होतो, म्हणून फटका जोरात बसला. खतं महागली, वाहतूक महागली. पण तारखा बघा. १० टक्के महागाई १९७२-७३ मध्येच आली होती. तेल महागलं त्याच्या कितीतरी महिने आधी. जे नंतर झालं ते आधीच्याचं कारण होऊ शकत नाही. तेलानं १९७४ ची आग भडकवली, हे बरोबर. पण काडी त्यानं लावली नाही. माझ्या उत्तरपत्रिकेतली चूक ती हीच.

इथपर्यंत आल्यावर येलदरीच्या त्या सभेत एका मुलीनं हात वर केला. तिचा प्रश्न फार चांगला होता. "सर, पण सरकारनं दुष्काळी कामांवर मजुरी वाटली ना? लोकांच्या हातात पैसा आला, धान्य तर नव्हतंच. मग ही मागणीची ओढ नाही का झाली?"

खरंच, महाराष्ट्रात मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यांना मजुरी मिळत होती आणि ती मजुरी जवळजवळ सगळी धान्यावरच जात होती. मग तिचं म्हणणं बरोबर का?

इथं विचार असा करायचा. ज्याला दुष्काळी कामावर मजुरी मिळाली, त्याचं आधी काय होतं? शेतात काम होतं किंवा स्वतःचं पीक होतं. ते गेलं. मजुरीनं त्या गेलेल्याचा एक भाग भरून दिला. म्हणजे त्याची मागणी वाढली नाही, ती कोसळायची थांबली. मागणीचा वक्र डावीकडे जाणार होता, तो बराचसा जागेवर राहिला. ओढ म्हणायची तर वक्र आधीच्या जागेच्या उजवीकडे गेला पाहिजे. माझ्या आजीचं घर त्या कामांवर जगलं. चांगल्या वर्षी घरात जेवढं धान्य लागायचं तेवढं काही त्या मजुरीत येत नव्हतं, हे ती नेहमी सांगायची.

पण त्या मुलीच्या प्रश्नात अर्धं सत्य आहे, आणि ते सोडून चालणार नाही. ही मजुरी नसती तर भाव कदाचित एवढा चढला नसता. का? कारण गरीब माणूस बाजारातूनच बाहेर फेकला गेला असता. भाव खाली राहिला असता आणि माणसं उपाशी. कमी भाव म्हणजे नेहमी चांगली बातमी असते असं नाही, हे इथं दिसतं.

मग मागणीची ओढ अजिबातच नव्हती का? होती. पण ती शोधायची जागा दुसरी. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, डिसेंबरमध्ये युद्ध झालं. सरकारचा खर्च वाढला. तूट भरायला रिझर्व्ह बँकेकडून पैसा घेतला गेला. लोकांकडचा चलनपुरवठा त्या वर्षांत दरसाल दोन अंकी टक्क्यांनी वाढत होता, आणि माल मात्र वाढत नव्हता. माल वाढत असताना पैसा वाढला तर फारसं बिघडत नाही. माल जागेवर किंवा खाली, आणि पैसा वर, की उरलेला सगळा जोर भावावर येतो.

म्हणजे या तीन वर्षांचं चित्र असं. सुरुवात पुरवठ्याच्या धक्क्यानं, दुष्काळानं. त्या धक्क्याखाली आधीपासून वाढता पैसा होता, त्यामुळे धान्याचा भाव चढला तो धान्यापुरता राहिला नाही, सगळीकडे पसरला. आणि मग तेलानं बाहेरून दुसरा धक्का दिला.

'पसरला' हा शब्द मी मुद्दाम वापरला. २०१५ ची तूरडाळ आठवते ना? मराठवाड्यात लागोपाठ पाऊस कमी, तूर कमी, आणि डाळ शहरांत किलोला २०० रुपयांच्या आसपास. पुढच्या हंगामात तूर भरघोस आली आणि भाव हमीभावाच्याही खाली आला. आपल्या जिंतूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला दोन्ही वर्षं चांगली आठवतात. तेव्हा डाळ महागली होती, पण सगळ्याच वस्तू तशा महागल्या नव्हत्या. ती एका वस्तूची भाववाढ. तिच्यावर 'चलनवाढ' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. सर्वसाधारण किंमतपातळी चढती राहिली पाहिजे, तरच आपला प्रश्न सुरू होतो. १९७३-७४ मध्ये ती चढत होती.

आता औषधाकडे. निदान चुकलं तर काय होतं, ते इथं दिसतं. ओढ असेल तर उपाय मागणी आवरण्याचा: व्याजदर वाढवा, सरकारी खर्च कमी करा, लोकांच्या हातातला पैसा थोडा अडवा. पण कारण दुष्काळ असेल आणि तुम्ही मागणीच आवळली, तर ज्वारी काही उगवत नाही. भाव थोडा खाली येतो तो माणसाचं काम आणि घास कमी करून.

जुलै १९७४ मध्ये सरकारनं हेच आवळणं केलं. नोकरदारांच्या पगारवाढीची सगळी आणि महागाई भत्त्यातल्या वाढीची अर्धी रक्कम सक्तीनं ठेव म्हणून बाजूला ठेवायची, असा अध्यादेश आला. रिझर्व्ह बँकेनं बँक दर ७ टक्क्यांवरून ९ टक्के केला. चलनपुरवठ्याची वाढ त्या वर्षी एक अंकी आकड्यावर आली. सप्टेंबर १९७४ नंतर भाव उतरू लागले. आणि १९७५-७६ मध्ये घाऊक निर्देशांक वाढला तर नाहीच, सुमारे १ टक्का खाली आला.

पुस्तकात इथं टाळ्या वाजतात: मागणी आवळली, महागाई गेली, म्हणजे महागाई मागणीचीच होती! थांबा. १९७५ चा पावसाळा चांगला झाला. त्या वर्षी धान्याचं उत्पादन १२ कोटी टनांच्या वर गेलं, तोवरचं सगळ्यात जास्त. म्हणजे पुरवठ्याचा वक्रही उजवीकडे सरकला. रोग्यानं गोळी घेतली आणि त्याच आठवड्यात हवाही बदलली. बरं कशानं वाटलं?

तारखा पुन्हा मदतीला येतात. भाव उतरायला लागले ते १९७४ च्या शेवटी, आणि १९७४-७५ चं धान्य उत्पादन तर कमीच होतं, १० कोटी टनांच्याही आत. तेव्हा उतरण सुरू व्हायला मागणी आवळल्याचा वाटा असणार, असं म्हणायला जागा आहे. पण पुढे पूर्ण वर्षभर भाव खाली राहिले, त्याचं श्रेय चांगल्या पिकाशिवाय देता येत नाही. यातलं किती टक्के कोणाचं, हे एवढ्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. चांगलं उत्तर तेच लिहितं. 'दोन्ही कारणं होती' एवढं लिहून पळून जाणं वेगळं, आणि 'सुरुवात कोणी केली, पसरवलं कोणी, उतरवलं कोणी' असं वेगवेगळं लिहिणं वेगळं.

मजुरीबद्दल एक फसवी जागा सांगतो, कारण उताऱ्यात ती हमखास असते. 'कामगारांचे पगार वाढले' असं वाक्य दिसलं की मुलं लगेच खर्चदाब लिहितात. पगार आधी वाढले की भाव? १९७४ मध्ये महागाई भत्ता वाढला, तो भाव चढल्यावर. तो मागून आलेला. त्यानं पुढच्या फेरीत दाब दिला असेल, पण पहिल्या फेरीचं कारण तो नव्हे. तसंच तेलाचं. १९७३ मध्ये पुरवठादार देशांनीच तेल आवरलं, तो खरा पुरवठ्याचा धक्का. पण कधी सगळ्या जगाची मागणी वाढल्यामुळे तेल महागतं. तेव्हा जगाच्या बाजारात ती ओढ असते, आणि आपल्या पेट्रोल पंपावर पोचेपर्यंत ती खर्चाचा दाब झालेली असते. म्हणून उत्तरात 'कुठल्या बाजाराबद्दल बोलतोय' हे लिहायचं.

शेवटी मी त्या मुलांना फळ्यावर जे लिहून दिलं, तेच सांगतो. उतारा आला की आधी बघा, एकच वस्तू महागली की सगळं. मग उत्पादन आणि रोजगार कुठं गेला ते शोधा. मग तारखा एकाखाली एक लिहा आणि भाव चढायला लागला त्याच्या आधी काय काय झालं, त्यावर खूण करा. आणि मग निष्कर्ष, टप्प्याटप्प्यानं. १९७२ ते ७५ वर माझं आजचं उत्तर असं होईल: सुरुवात दुष्काळामुळे, म्हणून पुरवठ्याच्या बाजूची. वाढत्या चलनपुरवठ्यानं ती सगळीकडे पसरली, म्हणून मागणीचा वाटा. १९७४ मध्ये तेलानं ती तीव्र केली, म्हणून पुन्हा खर्चदाब. पाच ओळी लागतात.

सभा संपल्यावर प्रश्न विचारणारी ती मुलगी थांबली होती. म्हणाली, "सर, माझे आजोबा पण होते खडीच्या कामावर. त्यांना आज विचारते, मजुरी आधी वाढली की ज्वारी." मी म्हटलं, विचार, आणि किती पायली मिळायची तेही लिहून घे. तिचं उत्तर आलं की पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवीन. तुमच्या घरी कोणाला त्या वर्षांचे भाव आठवत असतील, तर वर्ष आणि महिन्यासकट कळवा. महिना महत्त्वाचा.